आईच्या फुप्फुसात पाणी झालं होतं: हृदयाचं की दुसरं? कागद समजून घ्यायचे आहेत

कृष्णाकाठ · शनिवार, रात्री 9:40

आई आता घरी आहे, जेवतेय, तेव्हा घाई काही नाही. पण तीन आठवडे एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

आई 63 वर्षांची. बारा वर्षं बीपीच्या गोळ्या, शुगर नाही. जुलैच्या शेवटी चार दिवस थंडीताप, लघवीला जळजळ, डाव्या कुशीत दुखणं. आम्ही व्हायरल समजून पॅरासिटामॉलवर काढले. पाचव्या दिवशी बीपी 84/50 झालं म्हणून तालुक्याला दाखल केली. तिथे सलाईन लावली, एकूण साडेतीन लिटर. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमारास तिला अचानक दम लागला. ऑक्सिजन 82. एक्स-रे काढला तर दोन्ही बाजूंना पांढरंच पांढरं. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसात पाणी झालंय, हार्ट फेल्युअर आहे." लघवी वाढवून पाणी काढणाऱ्या लॅसिक्सची इंजेक्शनं दिली. दम कमी झाला नाही, उलट पहाटे बीपी आणखी पडलं, लघवी जवळजवळ थांबली.

सकाळी मोठ्या हॉस्पिटलला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी टूडी इको करून सांगितलं की हृदय चांगलं चाललंय, हे पाणी हृदयाचं नाही, जंतुसंसर्गाने फुप्फुस पाझरतंय. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाच्या नळीत खडा अडकलेला सापडला. स्टेंट टाकला, अँटिबायोटिक, बीपी वाढवायचं औषध, तोंडावर मास्कचं मशीन. अकराव्या दिवशी घरी.

कागदांवरचे आकडे देते. एनटी-प्रोबीएनपी 2140. ट्रोपोनिन 46, तीन तासांनी 51. पांढऱ्या पेशी 21,400. प्लेटलेट 88,000. क्रिएटिनिन 2.3. लॅक्टेट 4.1. प्रोकॅल्सिटोनिन 18. इकोमध्ये हृदयाच्या पिळण्याचा आकडा, ईएफ, 60 टक्के, "डावी कर्णिका किंचित मोठी". लघवीत ई. कोलाय.

माझा प्रश्न एवढाच: एकच पांढरा एक्स-रे बघून एक डॉक्टर हृदय म्हणतात, दुसरे नाही म्हणतात. हे कशावरून ठरवतात? भांडायचं नाहीये कुणाशी. कळून घ्यायचंय.

---

पांडुरंग_पुणे · रात्री 10:05

ताई, माझ्या वडिलांच्याही फुप्फुसात पाणी झालं होतं. पाठीतून सुई घालून सव्वा लिटर काढलं, पिवळसर होतं, आणि तासाभरात दम गेला. ते पाणी तपासायला पाठवलं, त्यावरून टीबी निघाला. तुमच्या आईचं पाणी काढून तपासलं असतं तर दोन डॉक्टरांत मतभेदच झाला नसता. का काढलं नाही ते विचारा.

---

निवृत्त_फिजिशियन · रात्री 10:50

पांडुरंगराव, तुमच्या वडिलांचं पाणी फुप्फुसाच्या बाहेर होतं, फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामधल्या पोकळीत. तिथे सुई घालता येते. यांच्या आईचं पाणी फुप्फुसाच्या आत, हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्यांमध्ये भरलं होतं. ओला स्पंज सुईने कोरडा करता येत नाही. आपल्याकडे दोन्हींना "फुप्फुसात पाणी" म्हणतात. मी तीस वर्षं नातेवाइकांना हा फरक हाताच्या मुठीवर रुमाल गुंडाळून दाखवत आलो.

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न चांगला आहे. तुम्ही दिलेले कागदही जवळजवळ पुरे आहेत. सवडीने लिहितो.

आधी पाणी येतं कसं ते. शेताच्या पाटाचं उदाहरण घ्या. पाटातून पाणी बाहेर येण्याची दोन कारणं असतात. पुढे दार बंद झालं, पाणी तुंबलं आणि काठावरून ओसंडलं, हे एक. दुसरं, पाणी नेहमीएवढंच आहे, पण खेकड्यांनी बांधाला बिळं पाडलीत. शेत दोन्हीकडे सारखंच भिजतं, लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

हृदयाचा डावा भाग रक्त पुढे ढकलेनासा झाला की मागे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब चढतो आणि पाणी ओसंडतं. हे पहिलं. जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज, घशातून फुप्फुसात गेलेलं अन्न, अशा गोष्टींनी सूक्ष्म रक्तवाहिन्यांची भिंतच पाझरू लागते, हे दुसरं. दुसऱ्याचा जबर प्रकार म्हणजे एआरडीएस.

दार बंद झालं असेल तर पाणी उपसायचं: लॅसिक्स, रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं. बिळं पडली असतील तर आधी खेकडा शोधायचा. तुमच्या आईचा खेकडा मूत्रपिंडाच्या नळीत बसला होता. पहाटेच्या वेळी, बीपी पडलेलं असताना लॅसिक्सने रक्तातलं पाणी आणखी कमी झालं, बांध तसाच गळका राहिला. म्हणून दम गेला नाही आणि लघवी आटली.

आता कशावरून ठरवायचं. माझ्या मते निम्मं उत्तर एक्स-रे काढायच्या आधीच मिळतं, विचारण्यातून. मला काही गोष्टी सांगा. आजारपणाआधी आई किती उशा घेऊन झोपायच्या? मध्यरात्री दम लागून उठून खिडकीपाशी बसायच्या का? संध्याकाळी पाय सुजायचे का, जोडवी रुतायची का? छातीत कधी दुखलं? बीपीची गोळी मधे सुटली होती का?

---

कृष्णाकाठ · रात्री 11:20

डॉक्टर, खूप धन्यवाद. आई एका उशीवर झोपते, कायमची. रात्री उठून बसल्याचं आठवत नाही. जोडवी रुतायची नाहीत, सैलच असतात. छातीत दुखलं नाही. बीपीच्या गोळ्या तापात दोन दिवस सुटल्या, कारण उलट्या होत होत्या.

---

हृदयमित्र · रविवार, सकाळी 7:15

मी बायपास झालेला माणूस, या विषयावर गेली आठ वर्षं वाचतोय. निवृत्त डॉक्टरांचा आदर राखून सांगतो, इथे शंकेला जागा नाही. एनटी-प्रोबीएनपी हा हृदयाच्या ताणाचा आकडा आहे. 50 ते 75 वयात 900 च्या वर गेला की हार्ट फेल्युअर धरतात. इथे 2140 आहे. ट्रोपोनिनही वाढलेलं आहे. ईएफ 60 असलं तरी हार्ट फेल्युअर असू शकतं, मला माझ्या कार्डिऑलॉजिस्टनी स्वतः सांगितलंय. म्हणजे पहिले डॉक्टर बरोबर होते. दुसऱ्या हॉस्पिटलने फक्त ईएफ बघून हृदयाला क्लीन चिट दिली असं मला वाटतं.

---

निवृत्त_फिजिशियन · सकाळी 8:30

हृदयमित्र, तुमचा 900 चा आकडा बरोबर आहे आणि ईएफबद्दलचं वाक्यही बरोबर आहे. जाड झालेलं, ताठर हृदय पिळतं चांगलं, पण सैल होऊन भरत नाही. अशा माणसाची ईएफ 60 असूनही फुप्फुस तुंबतं. बारा वर्षांचं बीपी असलेल्या बाईमध्ये ही शंका घ्यायलाच हवी.

पण तो 900 चा आकडा ज्याला फक्त दम लागलाय अशा माणसासाठी आहे. हे रसायन मूत्रपिंडावाटे बाहेर जातं. क्रिएटिनिन 2.3 असेल तर ते रक्तात साठून राहतं. शिवाय जंतुसंसर्गाच्या झटक्यात हृदयावर ताण येतोच, त्यानेही ते वाढतं. अशा रुग्णांत मी 2000 नव्हे, त्याच्या कितीतरी पट आकडे पाहिलेत आणि फुप्फुस पाझरण्यामुळेच भरलेलं होतं. ही तपासणी "नाही" म्हणायला जास्त कामाची आहे. आकडा 300 च्या खाली आला असता तर हृदयाचं कारण जवळजवळ बाजूला ठेवता आलं असतं. तिथेही एक सावधगिरी: माणूस बराच जाड असेल तर आकडा खोटा कमी येतो, आणि बीपी एकदम 220 ला जाऊन अर्ध्या तासात फुप्फुस भरलं असेल तर आकडा चढायला तेवढा वेळच मिळालेला नसतो.

ट्रोपोनिनचं तसंच. 46 आणि तीन तासांनी 51, म्हणजे आकडा जागच्या जागी आहे. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये तो तासातासाला चढताना दिसतो. हृदय चिमटलं गेलंय एवढंच 46 सांगतं, कुणी चिमटलं ते सांगत नाही.

याच्या उलट बाजूला बघा. पांढऱ्या पेशी 21,400, प्रोकॅल्सिटोनिन 18, प्लेटलेट 88,000. नुसत्या हृदयाच्या दुखण्यात हे तिन्ही एकत्र सहसा दिसत नाहीत.

---

सिस्टर_रत्नागिरी · सकाळी 10:10

मी आयसीयूत बावीस वर्षं स्टाफ आहे. रक्ताचे रिपोर्ट यायच्या आधी आम्ही काय बघतो ते सांगते, कुणाला उपयोग होईल.

हृदयाचा पेशंट आला की तो झोपतच नाही. स्ट्रेचरवर आडवा केला की धडपडून उठतो, पाय खाली सोडून, दोन्ही हात गादीवर रोवून बसतो. अंग घामाने निथळतं आणि हात बर्फासारखे गार. मनगट धरलं तर चिकट गारवा लागतो. गळ्याची शीर फुगलेली. बीपी बहुतेकदा वर असतं, 180, 200.

जंतुसंसर्गाचा पेशंट तेवढाच धापा टाकतो, पण सुरुवातीला त्याचे हात गरम असतात. बीपी खाली आणि तळवे गरम, हे जुळलं की आमच्या जुन्या मेट्रन म्हणायच्या, "लघवी बघा, पोट बघा, जखम बघा." ताई, त्या रात्री आईंचे हात कसे होते आठवतं का?

आणखी एक. नळी घातलेल्या पेशंटचं सक्शन करताना फरक हाताला कळतो. हृदयाचा असेल तर पातळ गुलाबी फेस येतो, साबणाच्या पाण्यासारखा, आणि औषध लागलं की काही तासांत थांबतो. दुसऱ्यात पिवळसर, चिकट, अंड्याच्या पांढऱ्यासारखं येतं आणि येतच राहतं.

---

कृष्णाकाठ · सकाळी 10:45

सिस्टर, हात गरम होते. मी रात्रभर तिचा हात धरून बसले होते, कपाळाइतकेच हात तापलेले होते. सकाळी अँब्युलन्समध्ये मात्र गार पडले.

---

निवृत्त_फिजिशियन · सकाळी 11:00

सिस्टरांनी लिहिलेलं चिकट पाणी महत्त्वाचं आहे. ओसंडलेल्या पाण्यात प्रथिनं कमी असतात, भिंत शाबूत असल्यामुळे ती मागे राहतात. पाझरलेल्या पाण्याबरोबर प्रथिनंही बाहेर येतात. नळी घातल्या घातल्या पहिलं पाणी घेऊन त्यातल्या प्रथिनांची रक्ताशी तुलना करता येते. गुणोत्तर 0.65 च्या खाली असलं तर ओसंडलेलं, वर असलं तर पाझरलेलं समजतात. व्यवहारात फारसं कुणी करत नाही, कारण ते पहिल्या पाण्यातच बघावं लागतं. उशीर झाला की ओसंडलेलं पाणीही आटून दाट होतं. आईंना नळी घातलीच नव्हती, त्यामुळे इथे तो प्रश्न नाही.

---

पोलादपूरकर · दुपारी 1:30

आमच्या घरातली गोष्ट आहे, जुळते का बघा. बावीस वर्षांपूर्वी वडील पावसाच्या तोंडावर पेंढा हलवत होते, लाल विंचू चावला. वय 35, कुदळ मारणारा माणूस, हृदयाचं नावसुद्धा नाही. तासाभरात उलट्या, घामाच्या धारा, हातपाय थंडगार. तीन तासांत दम आणि तोंडातून गुलाबी फेस. विष अंगात भिनल्यामुळे फुप्फुस पाझरलं असणार, म्हणजे हृदयाचं नाही, असंच आम्ही आजवर समजतो. महाडला नेलं, गोळ्या दिल्या, वाचले. डॉक्टर, ते दुसऱ्या प्रकारचं पाणी होतं ना?

---

निवृत्त_फिजिशियन · दुपारी 3:00

नाही, पोलादपूरकर, ते मुख्यतः हृदयाचंच होतं. लाल विंचवाच्या विषाने अंगातल्या अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो. सगळ्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात आणि बीपी चढतं. हृदयाला बंद दारावर धडका दिल्यासारखं रक्त ढकलावं लागतं, त्याचा स्नायूही या लोंढ्यात दुखावतो आणि तो थकला की पाणी मागे तुंबतं. काहींमध्ये भिंतही थोडी पाझरते, पण खरी गोष्ट दाबाची. वडिलांना दिलेली गोळी बहुधा प्राझोसिन असावी, ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशावर हेच काम उभं केलं, 1982 साली लॅन्सेटमध्ये त्यांचं लिखाण आलं आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तुमची गोष्ट या धाग्यात बसते ती एका कारणाने. हृदयविकाराचा पूर्वेतिहास नाही म्हणून हृदय नाही, असं म्हणता येत नाही. तसंच बारा वर्षांचं बीपी आहे म्हणून हृदयच, असंही नाही. जुनी माहिती शंका घ्यायला असते. त्या दिवशी आधी काय घडलं, ते जास्त बोलतं.

---

काळा_पांढरा · दुपारी 4:20

मी रेडिऑलॉजिस्ट. कृष्णाकाठ, रात्री दीडचा तो एक्स-रे झोपवून, पोर्टेबल मशीनवर काढला होता का? आणि रिपोर्टमध्ये "कार्डिओमेगॅली" लिहिलंय का? जमल्यास नाव झाकून फोटो टाका.

---

कृष्णाकाठ · संध्याकाळी 5:50

हो, पलंगावरच काढला. "माइल्ड कार्डिओमेगॅली" लिहिलंय. फोटो टाकलाय, त्याच दिवशी दुपारचा दुसऱ्या हॉस्पिटलचा सीटीही आहे.

---

काळा_पांढरा · संध्याकाळी 7:30

पाहिले. आधी हृदयाच्या आकाराचं. उभं राहून छाती पाटीला टेकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये हृदय छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी असायला हवं. पलंगावर झोपवून समोरून किरण सोडले की हृदय पाटीपासून लांब राहतं आणि सावली मोठी पडते. दिवा जवळ आणला की भिंतीवर हाताची सावली मोठी होते तसं. त्यात आजारी माणूस पूर्ण श्वास घेत नाही, छाती आखूड दिसते. तेव्हा त्या "माइल्ड कार्डिओमेगॅली"ला मी जवळजवळ शून्य किंमत देईन.

आता पांढरेपणा कुठे आहे ते. दाबाचं पाणी मधून सुरू होतं. हृदयाच्या दोन्ही बाजूंनी वटवाघळाच्या पंखांसारखा धूसरपणा पसरतो, कडा त्या मानाने काळ्या राहतात. वरच्या भागातल्या शिरा फुगतात. तळाशी अगदी कडेला आडव्या बारीक रेषा दिसतात, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या, एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. बहुधा दोन्ही बाजूंना फुप्फुसाबाहेरही थोडं पाणी असतं.

आईंच्या फिल्ममध्ये पांढरेपणा ठिगळाठिगळांचा आहे, कडेपर्यंत गेलेला. त्या पायऱ्या मला एकही दिसत नाहीत. पांढऱ्या भागातून हवेच्या नळ्यांच्या काळ्या फांद्या स्पष्ट दिसतात, म्हणजे भोवतीच्या पिशव्या गच्च भरल्यात. सीटीत पाठीकडचा भाग दाट आणि पोटाकडचा बराच मोकळा आहे. हे सगळं पाझरण्याच्या बाजूने जातं.

पण मला खोटा विश्वास द्यायचा नाही. या खुणा एकमेकांत मिसळतात. मी स्वतः नुसत्या फिल्मवरून हृदय लिहिलं आणि नंतर डेंग्यू निघाला, असं झालंय. साडेतीन लिटर सलाईननंतर तर शिरा कुणाच्याही फुगतात. रात्री दीडला एकटी फिल्म हातात असलेल्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची फिल्म ही दुसरी किंवा तिसरी असते. हृदयाचं पाणी औषधाने एक-दोन दिवसांत ओसरतं, कधीकधी रात्रीत फिल्म साफ होते. एआरडीएसचं आठवडा-आठवडा रेंगाळतं. तुमच्याकडे पुढच्या फिल्म आहेत का?

---

कृष्णाकाठ · रात्री 8:10

चौथ्या आणि आठव्या दिवसाच्या आहेत. चौथ्या दिवशी तेवढंच पांढरं दिसतंय मला. आठव्या दिवशी निम्मं.

---

मँचेस्टरची_मराठी · सोमवार, पहाटे 2:15

मी इथे आयसीयूत काम करते, मूळची कोल्हापूरची. सगळा धागा वाचला. एआरडीएस होता याबद्दल मला शंका नाही. ताई, मोठ्या हॉस्पिटलच्या पहिल्या एबीजीमध्ये, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, ऑक्सिजन किती होता आणि मास्कवर किती टक्के देत होते?

---

कृष्णाकाठ · सकाळी 6:30

पीएओटू 68, मशीनवर 60 टक्के. पीप 6 लिहिलंय.

---

मँचेस्टरची_मराठी · दुपारी 12:40

68 ला 0.6 ने भागलं की 113 येतात. निरोगी माणसात हा भागाकार चारशेच्या वर असतो. 300 च्या खाली एआरडीएसची पायरी सुरू होते आणि 100 ते 200 म्हणजे मध्यम. आई मध्यमच्या खालच्या काठावर होत्या, इतकंच सांगते.

मात्र हा भागाकार आजाराची खोली सांगतो, कारण सांगत नाही. हृदयाच्या पाण्यातही 113 येऊ शकतात. एआरडीएस म्हणायला आठवड्याच्या आत सुरुवात, दोन्ही बाजूंना पांढरेपणा आणि "हार्ट फेल्युअर किंवा जास्त झालेल्या सलाईनने पूर्ण स्पष्ट न होणारं" असं तिन्ही लागतं. त्यातल्या "पूर्ण" या शब्दावर मला निवृत्त डॉक्टरांशी थोडं वेगळं मत मांडायचंय.

पूर्वी व्याख्येत फुप्फुसातला दाब 18 च्या आत असणं सक्तीचं होतं. 2012 च्या बर्लिन व्याख्येत ती अट काढली, कारण एआरडीएस असलेल्या बऱ्याच लोकांत दाबही वाढलेला सापडतो. म्हणजे बांधाला बिळं आणि पाटात तुंबलेलं पाणी, दोन्ही एकाच वेळी. आईंच्या डाव्या कर्णिकेचा आकार वाढलेला आहे. ते काही दोन दिवसांत होत नाही, वर्षानुवर्षं मागे दाब राहिल्याने होतं. इकोमध्ये "ई बाय ई प्राइम" असा आकडा दिलाय का?

---

कृष्णाकाठ · दुपारी 1:05

आहे. 11.

---

मँचेस्टरची_मराठी · दुपारी 2:00

11 म्हणजे मधलाच. 8 च्या खाली असता तर दाब नाही म्हटलं असतं, 14-15 च्या वर गेला असता तर आहे म्हटलं असतं. आणि हा इको रात्रभर लॅसिक्स दिल्यानंतर, बीपी पडलेलं असताना केलेला. तेव्हा मोजलेला दाब रात्री दीडच्या दाबाबद्दल फार काही सांगत नाही.

माझा अंदाज असा: मुख्य रोग पाझरण्याचा. पण हृदय थोडं ताठर असावं आणि साडेतीन लिटर सलाईनने त्यावर भार टाकला असावा. गळक्या बांधात पाण्याची पातळी थोडी चढली तरी गळती खूप वाढते.

---

हृदयमित्र · दुपारी 2:45

म्हणजे मी पूर्ण चुकलो नव्हतो. पण क्रिएटिनिनमुळे तो आकडा चढतो हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या स्वतःच्या रिपोर्टात क्रिएटिनिन 1.9 आहे, आणि एनटी-प्रोबीएनपीचा आकडा बघून मी वर्षभर घाबरून आहे. डॉक्टरांना दोन्ही कागद एकत्र दाखवतो.

पण मग सलाईननेच घात केला असं म्हणायचं का? 62-63 वयाच्या बाईला साडेतीन लिटर?

---

निवृत्त_फिजिशियन · दुपारी 4:10

वजन किती आहे त्यांचं? 60-62 किलो धरलं तर जंतुसंसर्गात बीपी पडल्यावर पहिल्या तासांत किलोमागे 30 मिली, म्हणजे 1.8 लिटरच्या आसपास देणं हे नेहमीचं वळण आहे. बीपी 84/50 असताना ते दिलं नसतं तर मूत्रपिंड आणि मेंदू दोन्ही गेले असते. त्यापुढचं दीड-पावणेदोन लिटर देताना कुणी छाती ऐकली का, बीपीचं औषध लवकर सुरू करता आलं असतं का, हे प्रश्न रास्त आहेत. तालुक्याला रात्री ते औषध चालवायला पंप आणि माणूस असतो का, हाही रास्त आहे.

मँचेस्टरच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं आणि पूर्ण पटत नाही. फिल्म हलली नाही, चौथ्या दिवशीही तेवढंच पांढरं. ताठर हृदयाचा वाटा मोठा असता तर चौथ्या दिवशी, मूत्रपिंड सुरू झाल्यावर, काही तरी साफ दिसायला हवं होतं. कर्णिकेचा किंचित मोठा आकार बारा वर्षांच्या बीपीचा असू शकतो, तो त्या रात्री दम लागण्याचा साक्षीदार आहेच असं नाही.

---

सिस्टर_रत्नागिरी · संध्याकाळी 6:00

छाती ऐकण्यावरून आठवलं. हल्ली आमच्याकडे डॉक्टर पलंगापाशीच छातीची सोनोग्राफी करतात. पाणी असलं की पडद्यावर वरून खाली शेपटांसारख्या उभ्या पांढऱ्या रेषा येतात. ती शेपटं दोन्ही प्रकारांत येतात, पण आमचे सर म्हणतात की हृदयाच्या पाण्यात ती सगळीकडे सारखी असतात आणि फुप्फुसाच्या आवरणाची रेषा गुळगुळीत दिसते. दुसऱ्यात मधेच एखादा भाग साफ आणि रेषा खडबडीत, तुटक. सलाईन चालू असताना दोनदा हे पाहिलं तर शेपटं वाढताना दम लागायच्या आधी कळतं. तालुक्याला मशीन असतं, पण ते बहुतेक वेळा गरोदर बायांच्या तपासणीच्या खोलीत असतं.

---

मँचेस्टरची_मराठी · संध्याकाळी 7:20

सिस्टर, तुमच्या सरांचं बरोबर आहे. मीही हेच करते.

निवृत्त डॉक्टर, चौथ्या दिवसाचा मुद्दा वजनदार आहे. मी "थोडं ताठर" यावर राहते, "मोठा वाटा" म्हणणार नाही. याचा निकाल आता जुन्या कागदांतून लागणार नाही. ताई, आईंचं क्रिएटिनिन पूर्ववत झालं की एनटी-प्रोबीएनपी आणि इको पुन्हा करा. तेव्हाचा आकडा त्यांच्या हृदयाचा खरा आकडा असेल. आणि एक विचारते: आजारपणाआधीच्या सहा महिन्यांत चढ चढताना, जिना चढताना काही फरक पडला होता का? तुम्हाला दिसलेला नको. त्यांनाच विचारा.

---

कृष्णाकाठ · मंगळवार, रात्री 9:15

आईला आज निवांत बसवून विचारलं. आधी म्हणाली, काही नाही. मग म्हणाली, उन्हाळ्यात सांडगे-पापड घालायला गच्चीवर जाताना यंदा मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. गेल्या वर्षी परात डोक्यावर घेऊन एका दमात जात होती. "वय झालं म्हटलं, तुला काय सांगायचं." मी तेव्हा त्याच घरात होते आणि मला हे माहीत नव्हतं.

क्रिएटिनिन काल 1.1 आलं. वजन 61 किलो. स्टेंट काढायला पुढच्या मंगळवारी जायचंय, त्याच दिवशी इको आणि एनटी-प्रोबीएनपी करून घेणार. निवृत्त डॉक्टर, त्या दिवशी सकाळच्या बीपीच्या गोळ्या घेऊन जायचं की न घेता?

---

निवृत्त_फिजिशियन · रात्री 9:40

स्टेंट काढणाऱ्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा. त्यांनी वेगळं सांगितलं नाही तर रोजच्यासारख्या घेऊनच जा, इको नेहमीच्या बीपीवर झालेला बरा. आणि इको करणाऱ्यांना गच्चीच्या जिन्याचं आधी सांगा. ते माहीत असलं तर ते कर्णिका आणि ताठरपणा नीट मोजतील. मधल्या पायरीवर थांबणं ही गोष्ट मला शनिवारी कळली असती तर मी एवढ्या ठामपणे लिहिलं नसतं.